दोऱ्यात लपलेले दोन सेंटिमीटर

एका विज्ञान प्रदर्शनात परीक्षक म्हणून गेलो होतो. एका टेबलावर दोन कुंड्या होत्या. एकीतलं रोप तरारलेलं, दुसरीतलं मलूल. मागच्या तक्त्यावर ठळक अक्षरांत लिहिलं होतं: ‘परिकल्पना – संगीतामुळे वनस्पती आनंदी होतात.’ खाली चौकट आखून चल, म्हणजे प्रयोगात बदलू शकणाऱ्या गोष्टी, मांडले होते. स्वतंत्र चल संगीत, अवलंबी चल वाढ, नियंत्रित चल पाणी, माती, ऊन. व्याख्या तोंडपाठ होत्या. मी विचारलं, “गाणं लावायचं यंत्र कुठे ठेवलं होतं?” उत्तर आलं, “खिडकीत. तिथेच प्लग आहे ना!”

म्हणजे गाणं ऐकणारं रोप खिडकीत होतं आणि न ऐकणारं खोलीच्या कोपऱ्यात. नियंत्रित चलांच्या यादीत ‘ऊन’ लिहिलेलं होतं, पण ते फक्त कागदावर. मुलांनी लबाडी केली नव्हती. एक गोष्ट बदलताना दुसरी तिच्या मागे गुपचूप सरकते, हे त्यांना कुणी दाखवलं नव्हतं. ही सरकासरकी मला सगळ्यात छान दिसते ती लंबकात, म्हणून आज बराचसा लेख लंबकावरच खर्च करणार आहे.

त्याआधी परिकल्पनेच्या वाक्याबद्दल थोडं. ‘रोपं आनंदी होतात’ हे तपासता येत नाही, कारण आनंद कशाने मोजायचा हे ठरलेलं नाही. रोप वाढलं तर आनंदाने वाढलं म्हणायचं, नाही वाढलं तर राग आवडला नसेल म्हणायचं. काहीही घडलं तरी खरंच ठरणारं वाक्य प्रयोगाच्या कामाचं नाही. तपासण्याजोग्या परिकल्पनेत तीन गोष्टी लागतात: मी काय बदलणार, काय मोजणार आणि किती फरक दिसला तर माझं म्हणणं चुकलं असं कबूल करणार. तिसरी गोष्ट बहुतेक जण गाळतात. शाळेत ‘जर… तर…’ अशा वाक्यरचनेचा आग्रह धरतात. तो बरा आहे, पण ‘जर गाणं लावलं तर रोप खूश होईल’ हेही ‘जर-तर’च आहे!

आता लंबक. दोऱ्याला गोळा बांधला, बाजूला ओढून सोडला, तो झुलू लागला. एका टोकापासून निघून पुन्हा त्याच टोकाला आला की एक दोलन झालं. त्याला लागणारा वेळ म्हणजे दोलनकाल. प्रश्न असा: गोळा जड केला तर लंबक सावकाश झुलतो का? बहुतेकांना आतून वाटतं, हो. आपलं वाक्य मात्र नेमकं हवं: ‘लांबी आणि सोडण्याचा कोन तोच ठेवून गोळ्याचं वस्तुमान तिप्पट केलं, तरी २० दोलनांना लागणारा वेळ अर्ध्या सेकंदाहून जास्त बदलणार नाही.’ इथे वस्तुमान हा स्वतंत्र चल, म्हणजे आपण हाताने बदलतो तो. २० दोलनांचा वेळ हा अवलंबी चल, म्हणजे आपण फक्त वाचायचा तो. लांबी आणि कोन हे नियंत्रित चल.

वीस दोलनं का, एकच का नाही? स्टॉपवॉचचं बटण दाबताना आपला हात सेकंदाचा एक-दोन दशांश भाग तरी मागेपुढे होतो. एकाच दोलनाचा वेळ साधारण एक सेकंद असेल, तर ही चूक फार मोठी. वीस दोलनं मोजली तरी चूक तेवढीच राहते, पण ती वीस दोलनांत वाटली जाते. अर्ध्या सेकंदाची मर्यादाही इथूनच आली. हाताच्या चुकीपेक्षा ती मोठी आहे, म्हणजे त्याहून जास्त फरक आला तर दोष हाताचा नाही.

समजा, दोरा २४ सेंटिमीटर आहे आणि गोळा २ सेंटिमीटर व्यासाचा. लंबकाची लांबी आधारापासून गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजतात, म्हणून ती २५ सेंटिमीटर. २० दोलनांना साधारण २०.१ सेकंद लागतात. आता वस्तुमान तिप्पट करायचं. सगळ्यात सोपं काय? तसेच आणखी दोन गोळे खाली एकाखाली एक चिकटवायचे. मुलं नेमकं हेच करतात. आता वेळ येतो २०.९ सेकंद. पाच गोळे लावले तर २१.७. अगदी ओळीत, एकसारखी वाढ! आलेख काढला तर सुरेख चढती रेघ मिळते. अर्ध्या सेकंदाची मर्यादा ओलांडली, परिकल्पना चुकली, जड लंबक सावकाश झुलतो, असा निष्कर्ष लिहून वही बंद होते.

आणि तो चूक आहे. आकडे खरे आहेत, हातही स्थिर होता. फसवणूक दोऱ्याच्या टोकाला आहे. तीन गोळे एकाखाली एक असताना मधल्या गोळ्याचा मध्य आधारापासून २७ सेंटिमीटरवर गेला. दोऱ्याला कुणी हात लावला नाही, तो २४ चा २४ च राहिला. पण झुलणाऱ्या वस्तुमानाचा मध्य दोन सेंटिमीटरने खाली उतरला आणि लंबकाला त्या मध्याशीच देणंघेणं असतं. पाच गोळ्यांना तो २९ वर गेला. म्हणजे वस्तुमान बदलताना लांबीही पावलागणिक बदलत होती आणि दोन चल हातात हात घालून चालले होते. आकड्यांवरून यातला दोषी कोण, हे सांगताच येत नाही.

मग ओळखायचं कसं? मला आवडतो तो डाव इथे आहे. संशयित चलाला एकट्याला बदलून बघायचं. एकच गोळा ठेवा आणि दोरा दोन सेंटिमीटर वाढवा. वस्तुमान तसंच, लांबी २७. वेळ येतो २०.८ सेकंद. वजन एक ग्रॅमही न वाढवता जवळजवळ सगळी वाढ परत मिळाली! आता उलटं करा. तीन गोळे लावा, पण दोरा २२ सेंटिमीटर करा, म्हणजे मधला गोळा पुन्हा २५ वर येईल. वेळ २०.१. वस्तुमान तिप्पट, वेळ जागच्या जागी. त्याहून चोख मार्ग म्हणजे एकाच व्यासाचे लाकडी आणि पोलादी गोळे घेणं. व्यास तोच, म्हणून मध्य हलत नाही.

कारण शाळेतल्या बेरजेत सापडतं. गोळा जड असेल तर त्याला खाली खेचणारं बल त्याच प्रमाणात जास्त असतं, पण त्याला हलवायला लागणारं बलही त्याच प्रमाणात जास्त. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात आणि दोलनकालाच्या सूत्रात वस्तुमान उरतच नाही. उरते ती लांबी, तीही वर्गमुळाखाली: T = 2π√(L/g). इथे T हा दोलनकाल, L ही लांबी आणि g हे गुरुत्वत्वरण. याला मर्यादा आहेत. थर्माकोलचा गोळा घ्याल तर हवेचा अडथळा आणि हवेची उचल दोन्ही डोकं वर काढतील आणि वस्तुमानाचा प्रश्न विचारताना उत्तर हवेचं मिळेल.

गंमत अशी की चलांच्या भूमिका कायमच्या नसतात. प्रश्न बदलला की पात्रं बदलतात. ‘लांबी चौपट केली तर वेळ दुप्पट होईल’ हे तपासताना, एवढा वेळ बांधून ठेवलेली लांबी स्वतंत्र चल होते आणि वस्तुमान नियंत्रितांच्या रांगेत जाऊन बसतं. २५ सेंटिमीटरला २०.१ सेकंद, तर १०० सेंटिमीटरला सुमारे ४०.१. कोनाचा प्रश्न घेतला तर आणखी मजा. कोनाने वेळ बदलत नाही, असं गॅलिलिओला वाटत होतं आणि पुष्कळ मुलं आजही तसंच लिहितात. १० अंशांवर ते जवळपास खरं आहे. पण ६० अंशांपर्यंत ओढून सोडलं तर दोलनकाल सुमारे सात टक्क्यांनी वाढतो. इथे मात्र जपायचं, कारण झुलता झुलता कोन आपोआप कमी होत जातो. वीस दोलनं मोजलीत तर शेवटची दोलनं ६० अंशांची उरतच नाहीत. अशा वेळी पाचच मोजा आणि तोच प्रयोग अनेकदा करा.

हीच सरकासरकी पकडण्याचं एक जुनं उदाहरण मला लंबकाइतकंच आवडतं. मांस सडलं की त्यातून अळ्या आपोआप जन्मतात, असा समज शतकानुशतकं होता. इटलीतल्या फ्रान्चेस्को रेडीने १६६८ मध्ये म्हटलं की अळ्या माशांच्या अंड्यांतून येतात. त्याने काही भांडी उघडी ठेवली, काही घट्ट बंद केली. उघड्यांत अळ्या झाल्या, बंद भांड्यांत नाहीत. इथे थांबला असता तर? भांडं बंद केलं की माशी येत नाही, पण हवाही येत नाही. आपोआप जन्माचा कैवारी म्हणाला असता की जीव निर्माण व्हायला मोकळी हवा लागते, ती तू अडवलीस. म्हणून रेडीने काही भांड्यांवर विरळ जाळीचं कापड बांधलं. हवा आत, माशी बाहेर. माशा कापडावर घोंघावल्या, पण मांसात अळ्या झाल्या नाहीत. त्या कापडाने हवा आणि माशी हे एकत्र बांधलेले दोन चल सोडवले.

कधी कधी चिकटलेला चल वस्तूत नसतो, माणसाच्या डोक्यात असतो. १७८४ मध्ये पॅरिसमध्ये ‘प्राणिज चुंबकत्वा’ने, म्हणजे अंगातल्या कुठल्याशा अदृश्य चुंबकी प्रवाहाने, रोग बरे करण्याचं खूळ माजलं होतं. तपासासाठी नेमलेल्या समितीत बेंजामिन फ्रँकलिन आणि रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिए होते. बागेतलं एक झाड ‘भारून’ ठेवलं गेलं आणि डोळे बांधलेल्या बारा वर्षांच्या मुलाला एकेका झाडापाशी नेलं. चौथ्या झाडाशी तो बेशुद्ध पडला. भारलेलं झाड ते नव्हतंच. परिणाम खरा होता, पण स्वतंत्र चल झाड नसून मुलाची समजूत होती. आजही मंतरलेलं पाणी आणि ऊर्जा देणारी कडी विकणारे डोळ्यांवरच्या त्या पट्टीला तयार होत नाहीत.

तर त्या कुंड्यांकडे परत येऊ. प्रयोग असा हवा: एकाच पुडीतलं बी लावलेल्या वीस कुंड्या, दहा-दहाचे दोन गट, आणि दोन्ही गटांना सारखाच उजेड. ध्वनिक्षेपक दोन्ही गटांजवळ, दोन्ही चालू, कारण तो तापतो आणि ती ऊब हाही एक चल आहे. एकात गाणं, दुसऱ्याचा आवाज शून्य. वाक्य: ‘रोज तीन तास गाणं वाजवलेल्या गटाची सरासरी उंची २१ दिवसांनी दुसऱ्या गटापेक्षा किमान दोन सेंटिमीटर जास्त असेल.’ फरक त्याहून कमी आला तर माझं म्हणणं पडलं. पाणी मापाने द्यायचं, कारण गाणं ऐकणाऱ्या रोपांपाशी माणूस जास्त रेंगाळतो आणि रेंगाळता रेंगाळता घोटभर पाणी जास्त घालतो. आणि शेवटच्या दिवशी पट्टी अशा माणसाच्या हातात द्यायची, ज्याला कुठली कुंडी कुठल्या गटातली हे ठाऊक नाही. वाकलेला शेंडा सरळ करून मोजायचा की तसाच, हे तो हात ठरवत असतो.