४२.८ कुठून आलं? बाटलीवरचे टक्के आणि युनिटचा हिशेब

भारतात बनलेल्या व्हिस्कीची, रमची किंवा ब्रँडीची बाटली हातात घ्या. लेबलच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत ४२.८ टक्के व्ही/व्ही असं छापलेलं दिसेल. कंपनी कुठलीही असो, बाटली तीनशेची असो की तीन हजारांची, आकडा बहुतेक वेळा हाच. चाळीस किंवा पंचेचाळीस असा सरळ आकडा सोडून हा दशांशातला आकडा का? कित्येक लेबलांवर त्याच्या शेजारी '२५ यू.पी.' असंही लिहिलेलं असतं. उत्तर तिथेच आहे. ते नीट समजलं की बाटलीत किती युनिट दारू आहे हे काढायला कागदसुद्धा लागत नाही.

यू.पी. म्हणजे अंडर प्रूफ. 'प्रूफ' हा शब्द इंग्लंडच्या करवसुलीतून आला. दारूत जितकं पाणी जास्त तितका कर कमी बसायला हवा, म्हणून दारू किती कडक आहे हे ठरवण्याची गरज सर्वांत आधी सरकारी तिजोरीला पडली. जुनी पद्धत बंदुकीच्या दारूची होती. त्या भुकटीवर मद्य ओतून काडी लावायची. मद्य जळून गेल्यावर भुकटीनेही पेट घेतला तर माल 'प्रूफ', म्हणजे कसोटीला उतरलेला. भुकटी ओली राहून विझली तर त्यात पाणी जास्त. पण मद्य किती ओतलं आणि हवा किती गार होती यावर निकाल बदलायचा, त्यामुळे व्यापारी आणि जकातवाले यांच्यात भांडणं ठरलेली.

ती भांडणं मिटवली बार्थोलोम्यू साइक्स या अबकारी अधिकाऱ्याच्या हायड्रोमीटरने. हे पितळी गोळ्याचं, वर दांडी आणि खाली वजन असलेलं उपकरण दारूत सोडलं की दारू जितकी कडक तितकं ते खोल बुडतं, कारण अल्कोहोल पाण्यापेक्षा हलकं असतं. साइक्स १८०३ मध्ये वारले. ब्रिटिश संसदेने त्यांचं उपकरण १८१६ च्या कायद्याने अधिकृत केलं आणि प्रूफची व्याख्या वजनावर बांधली: ५१ अंश फॅरेनहाइटला ज्या मद्याचं वजन तेवढ्याच आकारमानाच्या शुद्ध पाण्याच्या बारा-तेरांश भरतं, ते प्रूफ. आजच्या भाषेत ते ५७.१ टक्के होतं, म्हणजे जवळजवळ चार-सप्तमांश.

आता आपला आकडा सापडतो. प्रूफला १०० अंश धरले तर '२५ यू.पी.' म्हणजे त्याच्या २५ अंश खाली, अर्थात ७५. ७५ ला ४ ने गुणा आणि ७ ने भागा. उत्तर ४२.८५ येतं, तेच लेबलवर ४२.८ होऊन बसलं आहे. व्हिस्की, रम, ब्रँडी २५ अंश अंडर प्रूफपेक्षा पातळ करून विकली तर ती भेसळ, अशी मर्यादा इंग्लंडच्या १८७९ च्या अन्नभेसळ कायद्यात होती. पुढे पहिल्या महायुद्धात ब्रिटनने आपली दारू आणखी पातळ करून ३० यू.पी.वर, म्हणजे ४० टक्क्यांवर आणली. तिकडच्या बाटल्या आजही बहुधा ४० च्या असतात. भारतात मात्र पंचवीसच टिकलं. महाराष्ट्राच्या उत्पादन शुल्क खात्याच्या कागदांत 'प्रूफ लिटर' हा शब्द आजही भेटतो तो याच वाटेने आलेला. खुद्द ब्रिटनने १९८० पासून लेबलवरचं प्रूफ सोडून टक्के स्वीकारले.

टक्क्यांची वाट फ्रान्समधली. रसायनशास्त्रज्ञ गे-ल्युसाक यांनी १८२४ मध्ये असा मापक दिला की दांडीवर थेट 'शंभर भाग द्रवात शुद्ध अल्कोहोल किती भाग' हे वाचता येई. यात भाग आकारमानाचे आहेत, वजनाचे नाहीत. व्ही/व्ही या अक्षरांचा अर्थ एवढाच. हा फरक किरकोळ नाही. ४२.८ टक्के व्ही/व्हीची व्हिस्की वजनाने मोजली तर तिच्यात अल्कोहोल जेमतेम ३६ टक्के भरतं. आपल्याला माप मिलीलिटरमध्ये मिळतं, म्हणून टक्केही आकारमानाचेच घ्यायचे.

कर घेणाऱ्यांचं काम इथे संपलं. डॉक्टरांचा प्रश्न वेगळा होता. रुग्ण म्हणतो 'दोन ग्लास', पण ग्लास कशाचा आणि केवढा? विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्रिटनमध्ये यावर जे माप रुळलं ते युनिट: १० मिलि शुद्ध अल्कोहोल, वजनाने सुमारे ८ ग्रॅम. ते माप तिथल्या पबच्या सवयींतून आलं. साडेतीन टक्क्यांच्या बीअरचा अर्धा पाइंट म्हणजे २८४ मिलि, त्यात अल्कोहोल जवळपास १० मिलि. ४० टक्क्यांच्या व्हिस्कीचा लहान मापाचा घोट, तोही साधारण तेवढाच. लोकांना 'एक ग्लास, एक युनिट' हे सहज लक्षात राहायचं.

पुढे पेयं कडक झाली, ग्लास मोठे झाले, आणि ही सोय दगा देऊ लागली. आज १३ टक्के वाइनचा १७५ मिलिचा ग्लास सव्वादोन युनिटांचा भरतो. ग्लास मोजण्यावर माझा म्हणूनच अजिबात विश्वास नाही. लेबल वाचावं आणि हिशेब करावा:

```
युनिट = मिलि × टक्के ÷ १०००
```

हजाराने का भागायचं? टक्के म्हणजे शंभरात किती, म्हणून एकदा १०० ने. एका युनिटात १० मिलि, म्हणून पुन्हा १० ने. तोंडी करायचं असेल तर एक गोष्ट लक्षात ठेवली की पुरे: टक्क्यांचा जो आकडा, तितकीच युनिटं एका लिटरमध्ये असतात. ४२.८ टक्क्यांच्या लिटरभर दारूत ४२.८ युनिटं. ७५० मिलिच्या खंब्यात त्याच्या पाऊण, म्हणजे ३२.१.

व्यसनातून बाहेर पडू पाहणाऱ्यांच्या घरच्यांशी बोलताना एक वाक्य फार ऐकू येतं: "रोज फक्त एक क्वार्टर घेतात हो, आणि रविवारी तर बीअरच." हेच गणित करून पाहू. क्वार्टर १८० मिलिची असते. (नावाने पाव, पण ७५० चा पाव १८७.५ होतो, तेव्हा खंब्याला चारने भागू नका, छापलेलं मापच घ्या.) १८० गुणिले ४२.८ भागिले १००० म्हणजे ७.७ युनिट. सहा दिवसांचे ४६.२. रविवारी स्ट्राँग बीअरच्या ६५० मिलिच्या दोन बाटल्या, लेबलवर ८ टक्के. एका बाटलीत ५.२, दोन्हींत मिळून १०.४. आठवड्याची बेरीज ५६.६.

इथे घरचे चमकतात ते रविवारच्या आकड्यावर. ज्या दिवशी 'बीअरच' घेतली तोच आठवड्यातला सर्वांत जड दिवस निघतो. बीअरचे टक्के कमी असतात हे खरं, पण बाटली साडेतीन क्वार्टरांएवढी मोठी असते आणि गुणाकारात दोन्ही बाजू येतात. ५ टक्क्यांची साधी बीअर असती तर एक बाटली सव्वातीन युनिटांची झाली असती. बाटली दिसायला तीच, म्हणून बीअरच्या बाबतीत टक्के वाचल्याशिवाय काहीच कळत नाही.

ब्रिटनमध्ये १९८७ मध्ये वैद्यक संस्थांनी आठवड्याला पुरुषांसाठी २१ आणि स्त्रियांसाठी १४ युनिटांची मर्यादा सांगितली होती. २०१६ मध्ये तिथल्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यांनी ती दोघांसाठी १४ वर आणली. वरचा आठवडा त्याच्या चौपट आहे. १४ हीसुद्धा धोका कमी ठेवण्याची रेषा आहे, तिच्या आत धोका नाही असं नव्हे. दारूचं कोणतंही प्रमाण आरोग्याला सुरक्षित म्हणता येत नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे.

हिशेब चुकतो तो ठरावीक ठिकाणी. पहिली चूक पाण्याची. साठ मिलिच्या पेगमध्ये सोडा ओतून ग्लास काठोकाठ भरला तरी युनिटं अडीचच राहतात. मिलि मोजायचे ते बाटलीतून निघालेल्या दारूचे, भरलेल्या ग्लासचे नाहीत. दुसरी चूक प्रूफची. परदेशातून आलेल्या अमेरिकी बाटलीवर ८० प्रूफ असेल तर ते ४० टक्के, कारण अमेरिकी प्रूफ टक्क्यांच्या बरोबर दुप्पट असतं. तोच नियम आपल्या २५ यू.पी.ला लावून ७५ चे अर्धे ३७.५ धरले तर खंब्यामागे चार युनिटं गायब होतात. तिसरी चूक शब्दाची. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखालच्या परवान्यावरही महिन्याला किती 'युनिट' बाळगता येतील हे लिहिलेलं असतं. ते युनिट बाटल्यांच्या हिशेबाचं आहे, १० मिलि अल्कोहोलशी त्याचा काही संबंध नाही. गोव्यात फेणीची कडकी सांगताना जुनी माणसं 'ग्राव' म्हणतात, तेही टक्के नव्हेत. आणि हातभट्टीला लेबलच नसतं, तिथे हे सूत्र लावताच येत नाही.

डॉक्टरांच्या कागदावर 'स्टँडर्ड ड्रिंक' हा शब्द दिसला तर माप बदललंय हे ओळखा. ते बहुतेक ठिकाणी १० ग्रॅमचं धरतात, ब्रिटिश युनिट ८ ग्रॅमचं. एक मिलि अल्कोहोलचं वजन ०.७८९ ग्रॅम, तेव्हा ४२.८ टक्क्यांचा ३० मिलिचा छोटा पेग १०.१ ग्रॅम भरतो, म्हणजे आपला छोटा पेग जवळपास नेमका एक स्टँडर्ड ड्रिंक. मोठा साठचा पेग दोन. ब्रिटिश मापाने तोच मोठा पेग २.६ युनिट. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त एकाच बेरजेत ते मिसळू नयेत.

युनिटांवरून पोटात किती गेलं हे कळतं, रक्तात किती आहे हे कळत नाही. ते वजन, जेवण, यकृताची अवस्था आणि गेलेला वेळ यांवर ठरतं, म्हणून 'दोनच युनिटं झालीत' असं म्हणत गाडीची किल्ली घेऊ नये. आणि वरच्यासारखी पन्नाशीपार बेरीज निघाली, तर घाबरून दुसऱ्या दिवसापासून सगळं एकदम बंद करू नका. रोजची सवय असलेल्या शरीरात अचानक तोडल्यावर थरथर, भास, आकडी असे जिवावर बेतणारे त्रास होऊ शकतात. बेरजेचा कागद घेऊन आधी डॉक्टरांकडे जा. 'थोडीशी घेतो' यापेक्षा 'आठवड्याला ५६ युनिट' हे वाक्य त्यांना उपचार ठरवायला कितीतरी जास्त कामाचं असतं.