वसंत पंचमीची पिवळी खोली : कापड, झेंडू आणि मोहरी

माघ शुद्ध पंचमीला घरातली एक खोली पिवळी सजवून द्या, असं सांगायला बरेच जण येतात. पंढरपुरात या दिवशी विठ्ठल-रुक्मिणीचं लग्न लागतं आणि रुक्मिणी आपल्या विदर्भातल्या कौंडिण्यपूरची, तेव्हा इकडच्या घरांत ही सजावट थोडी माहेरच्या लग्नासारखीच होते. ऑर्डर देण्याआधी आम्ही काय करतो आणि काय टाळतो, ते वाचून घ्या.

खोलीत सगळीकडे एकच पिवळा लावला की भिंत, पडदा आणि फुलं एकमेकांत मिसळतात आणि जवळून पाहिल्याशिवाय काहीच उठून दिसत नाही. म्हणून आम्ही तीन पिवळे वापरतो. मागे फिकट पिवळं सुती कापड, त्यावर नारिंगीकडे झुकणारा झेंडू आणि खाली गडद मोहरी रंगाची आसनं व उशांचे अभ्रे. बाकी भिंती चुन्याच्या पांढऱ्या असतील तर त्या तशाच राहू द्या.

सगळ्यात जास्त प्रश्न कापडाबद्दल येतात. हळदीत बुडवलेलं कापड पहिल्या दिवशी फार सुंदर दिसतं, पण उन्हात फिकं पडतं आणि साबण लागला की लाल होतं. बाजारातल्या पिवळ्या कापडाची शंका असेल तर एका कोपऱ्याला ओला साबण घासून बघा. लाल डाग उठला की ती हळद समजा. आम्ही झेंडूच्या फुलांनीच रंगवतो. हा रंग काही कायमचा नाही, पण घडी करून अंधारात ठेवला आणि रिठ्याच्या पाण्यात धुतला तर पुढच्या सणांनाही कामी येतो.

एक उदाहरण घ्या. दहा बाय बाराची बैठक आहे आणि सरस्वतीच्या चौरंगामागे पाच फूट रुंद, सात फूट उंच पडदा हवा. चुण्या पडायला कापड रुंदीला जवळजवळ दुप्पट लागतं, म्हणून छत्तीस इंच पन्ह्याच्या मांजरपाटाचे साडेसात फुटांचे तीन तुकडे, म्हणजे साधारण सात मीटर. त्याचं वजन किलोभर भरतं. आधी धुण्याच्या सोड्यात उकळून खळ काढायची, नाहीतर रंग ठिपक्याठिपक्यांनी बसतो. मग दोनशे ग्रॅम हिरड्याच्या पुडीच्या पाण्यात रात्रभर भिजवून, न खंगाळता वाळवायचं. सुती धाग्याला तुरटी एकटी नीट धरत नाही, हिरडा ती धरून ठेवतो. त्यानंतर दीडशे ग्रॅम तुरटीच्या कोमट पाण्यात रात्रभर, आणि शेवटी दोन किलो ताज्या फुलांच्या पाकळ्या उकळून गाळलेल्या पाण्यात मंद आचेवर तासभर, मधूनमधून हलवत. वाळवायचं सावलीत.

भांडं लोखंडाचं नको. हिरड्याला लोखंड लागलं की कापड काळपट हिरवं होतं, आणि बोअरच्या पाण्यात लोह असेल तरीही तेच होतं. म्हणून आम्ही जर्मनच्या किंवा स्टीलच्या पातेल्यात, आधी एक चिंधी रंगवून बघतो. दसरा-दिवाळीचे हार उतरवून सावलीत वाळवून ठेवले असतील तर जरूर आणा. सुकलेल्या पाकळ्या अर्धा किलो असल्या तरी काम होतं.

माळांसाठी मात्र फूल ताजंच हवं. देठाकडचा हिरवा पेला दाबून बघा, घट्ट लागला तर फूल चांगलं. पाणी मारून पिशवीत कोंबलेली फुलं वरून टवटवीत दिसतात, पण दुसऱ्या दिवशी आतून काळी पडतात. मध्यम फुलांच्या एका किलोत साधारण बारा ते पंधरा फूट माळ होते. दाराचं तोरण आणि पडद्याची वरची कड, एवढ्यालाच आम्ही झेंडू लावायला सांगतो. पंख्याखाली लटकवलेल्या माळा संध्याकाळपर्यंत सुकतात.

मोहरीची फुलं हरभऱ्याच्या धुऱ्यावर या दिवसांत असतात. शेतमालकाला विचारून, सकाळी, वरच्या कळ्या अजून मिटलेल्या आहेत अशाच फांद्या तोडा आणि लगेच पाण्यात ठेवा. पितळी गडव्यात त्या छान दिसतात, पण दिवसभरच. पाकळ्या गळून चौरंगावर पडू लागतात. म्हणून मोहरीची खरी भिस्त फुलांवर न ठेवता रंगावर, म्हणजे आसनांवर आणि अभ्र्यांवर ठेवा.

रात्री पांढऱ्या एलईडीखाली हा सगळा पिवळा हिरवट दिसतो. त्या दिवसापुरता पिवळसर उजेडाचा बल्ब लावा. समई पडद्यापासून किमान दोन फूट पुढे हवी. सुती कापड पटकन पेटतं.

रंगाच्या कापडाला भिजवणं-वाळवणं धरून आठवडा लागतो, म्हणून पंचमीच्या किमान दहा दिवस आधी सांगा. येताना चौरंगामागच्या भिंतीची लांबी-उंची मोजून आणा आणि भिंतीचा रंग दिवसाच्या उजेडात काढलेल्या फोटोत दाखवा.