नावावरून मुलगा-मुलगी ठरत नाही

“क्लासात सांगतात, परीक्षेतल्या नातेसंबंधांच्या प्रश्नांत नावावरून मुलगा की मुलगी ओळखायचं, नातं आपोआप कळतं. खरं का?”

नाही. निपाणी-चिकोडीकडच्या जैन घरांत शीतल हे मुलाचंही नाव असतं! लिंग फक्त प्रश्नात दिलेल्या संकेतावरून ठरवा.

समजा, P + Q म्हणजे P ही Q ची आई आणि P − Q म्हणजे P हा Q चा भाऊ. आता ‘किरण − सुमन + शीतल’ सोडवू. किरण भाऊ, म्हणून पुरुष. सुमन आई, म्हणून स्त्री. दोघं एका ओळीत लिहा, शीतल सुमनच्या खाली. किरण शीतलचा मामा झाला.

पण ‘शीतलचं किरणशी नातं काय?’ विचारलं तर अडतं. या संकेतांत चिन्हाच्या डावीकडच्याचंच लिंग कळतं, आणि शीतल कुठेच डावीकडे नाही. भाचा की भाची, ठरत नाही. पर्याय ‘निश्चित सांगता येत नाही’.