तक्त्याच्या फोटोवरून मध्यक आणि चतुर्थक: आम्ही ते कसे वाचतो

तुम्ही संचित वारंवारतेच्या तक्त्याचा फोटो पाठवता, तेव्हा आम्ही आधी आकडे हाताने उतरवून घेतो आणि मगच ओजाइव्ह काढतो. कसे, ते एका नमुन्यावर पाहा. ८० जणांचे गुण असे आहेत:

१०पेक्षा कमी – ६
२०पेक्षा कमी – १६
३०पेक्षा कमी – ३८
४०पेक्षा कमी – ६४
५०पेक्षा कमी – ७४
६०पेक्षा कमी – ८०

प्रत्येक बिंदू वर्गाच्या वरच्या मर्यादेवर येतो, म्हणजे (१०, ६), (२०, १६) असे. सुरुवात (०, ०) पासून होते. उभ्या अक्षावर ८० चे निम्मे, म्हणजे ४० घ्यायचे, आडवी रेघ वक्रापर्यंत न्यायची आणि तिथून खाली उतरायचे. मध्यक सुमारे ३०.८ येतो. तसेच २० वरून पहिला चतुर्थक २१.८ आणि ६० वरून तिसरा ३८.५ मिळतो.

बिंदू वर्गमध्यावर मांडले, तर तिन्ही उत्तरे ५ ने कमी येतात. ही चूक सहज लक्षात येत नाही, कारण चतुर्थकांमधले अंतर तेवढेच, १६.७, राहते. म्हणून आमच्या आलेखावर वरच्या मर्यादा ठळक लिहिलेल्या असतात. वर्ग ०–९, १०–१९ असे असतील, तर बिंदू ९.५, १९.५ वर जातात.

आमचा सर्वांत जास्त वेळ जातो तो फोटोतल्या आकड्यांवर. समजा, सावलीमुळे ३८ चा ३३ वाचला गेला. संचित आकडे तरीही चढतेच राहतात, वक्रही नीट दिसतो, पण मध्यक ३२.३ होतो. हे पकडायचा एकच खात्रीचा मार्ग आहे: लागोपाठच्या संचित आकड्यांची वजाबाकी मूळ वारंवारतेशी जुळते का, ते पाहणे. ३८ मधून १६ गेले की २२ उरतात. वारंवारतेच्या रकान्यातही २२ च हवे. म्हणून तो रकाना फोटोत नक्की येऊ द्या. तो नसेल आणि आकडा पुसट असेल, तर आम्ही अंदाज न बांधता तुम्हाला विचारतो.

शेवटची ओळ कापली जाणेही तितकेच घातक. एकूण ८० ऐवजी ७४ धरले, तर मध्यक २९.५ वर येतो.

आकडे खाली उतरत जात असतील, तर तक्ता ‘पेक्षा जास्त’ प्रकारचा असतो. तिथे बिंदू वर्गाच्या खालच्या मर्यादेवर मांडतात. त्यात पहिला चतुर्थक ६० च्या उंचीवर आणि तिसरा २० वर मिळतो. मध्यक मात्र ४० वरच. तुमच्या तक्त्याचा हा प्रकार आम्ही उत्तराच्या वरच लिहून देतो.