मेसवाले, केटरर्स, सेंट्रल किचनवाल्यांसाठी: फूड पॉयझनिंगची तक्रार आली तर तपासाला लागणारे सॅम्पल आणि बॅच रजिस्टर कसं ठेवायचं

मी बरीच वर्षं हॉस्टेलची मेस बघते, दुपारी साधारण दीडशे-पावणेदोनशे पोरं जेवतात. सॅम्पल ठेवायचा नियम आमच्याकडे आधीपासून होता, फ्रीजमध्ये डबे दिसायचे, भेटीला आलेले लोक बघून खूश व्हायचे. पण एका मे महिन्यातल्या रविवारी खरंच गरज पडली तेव्हा तो डबा काही कामाचा ठरला नाही, म्हणून हे सगळं नीट लिहून काढतेय.

त्या दिवशी पुरी, बटाट्याची भाजी, व्हेज पुलाव आणि श्रीखंड असा बेत होता. जेवण बाराला सुरू झालं आणि पावणेतीनला पहिल्या मुलाला उलटी झाली, चारपर्यंत तेहतीस जणं. सगळ्यांनी एकच धरलं, श्रीखंड. बाहेरचं दुधाचं, त्यात मे महिना, म्हणजे तेच असणार. मीसुद्धा आधी तेच धरलं होतं.

मग रजिस्टर काढलं. पुलाव दोन बॅचमध्ये झाला होता. पहिल्या बॅचचा भात शनिवारी रात्री १०:४० ला शिजवून ठेवलेला, कारण रविवारी सकाळी एक माणूस कमी होता आणि शेगड्या पुऱ्यांना लागणार होत्या. तो मोठ्या पातेल्यात झाकण लावून ओट्यावरच राहिला आणि सकाळी ११ ला मसाल्यात परतला. दुसऱ्या बॅचचा भात सकाळीच शिजवलेला. पहिलं पातेलं १२:४५ ला संपलं आणि त्यानंतर दुसरं लावलं, ही वेळ वाढणाऱ्या ताईंनी लिहून ठेवली होती. जेवणाच्या हजेरीवर वेळ पडते, म्हणून कोण कुठल्या पातेल्यातलं जेवलं ते काढता आलं. पहिल्या पातेल्यातले ७४, त्यातले ३१ आजारी. दुसऱ्यातले ८८, आजारी फक्त २, आणि त्या दोघांचं कारण शेवटपर्यंत कळलं नाही. श्रीखंड सगळ्या १६२ जणांनी खाल्लं होतं. श्रीखंडाने केलं असतं तर दोन्ही गटांत सारखी पोरं पडली असती.

खाल्ल्यावर दोन-तीन तासांत नुसत्या उलट्या, ताप नाही, आणि रात्रभर बाहेर राहिलेला भात, हे बॅसिलस सेरियस नावाच्या जंतूशी जुळतं. त्याचे बीजाणू तांदळात असतातच, शिजवूनही मरत नाहीत, भात कोमट राहिला की वाढतात आणि विष सोडतात. ते विष परतल्याने, उकळल्याने जात नाही. म्हणून "गरम गरम वाढलं होतं हो" याला तिथे काही अर्थ नसतो.

आता सॅम्पलचं काय झालं ते. मदतनीसाने दीड वाजता, काम हलकं झाल्यावर, समोर होतं त्या पातेल्यातून पुलाव घेतला. म्हणजे दुसरी बॅच. लॅबचा रिपोर्ट क्लीन आला. पहिली बॅच संपलेली, पातेलं घासून झालेलं. त्यामुळे कागदावर शेवटी "संशयित" एवढंच राहिलं. श्रीखंडवाला सुटला तो फक्त रजिस्टरमुळे, आणि आमची चूक कळली तीही रजिस्टरमुळेच.

कोणाला लागू होतं

एफएसएसएआय लायसन्सवर शिजवून वाढणारे सगळे यात येतात. मेस, केटरर, कँटीन, सेंट्रल किचन, जेवण पुरवणारे बचत गट. लायसन्सच्या अटींमधल्या शेड्यूल ४ प्रमाणे उत्पादनाचं आणि वाटपाचं रेकॉर्ड एक वर्ष किंवा पदार्थाच्या शेल्फ लाइफइतकं, यातलं जे जास्त असेल तितकं ठेवायचं असतं. शिजलेल्या जेवणाला अर्थातच एक वर्ष लागू. शिजलेल्या जेवणाचा सॅम्पल किती तास ठेवायचा हे बहुतेक वेळा तुमच्या टेंडरमध्ये किंवा संस्थेशी केलेल्या करारात लिहिलेलं असतं, ते आधी वाचा. तिथे २४ तास लिहिलं असलं तरी ७२ तास ठेवा असं माझं मत आहे, कारण भाताचं विष काही तासांत दिसतं पण साल्मोनेला या जंतूचा त्रास दिसायला दीड-दोन दिवस, कधी त्याहून जास्तही लागू शकतात. पोरं मंगळवारी आजारी पडणार आणि रविवारचा डबा सोमवारीच धुतलेला, मग काय उपयोग.

सॅम्पल कसा घ्यायचा

प्रत्येक पदार्थाच्या प्रत्येक बॅचचा वेगळा. दोन पातेली म्हणजे दोन डबे, मग पदार्थ एकच का असेना. आणि घ्यायचा तो वाढतानाच्या पातेल्यातून, साधारण निम्मं वाढून झाल्यावर. बरेच जण गॅसवरून उतरलं की लगेच काढतात, पण तो उकळता सॅम्पल बहुतेक वेळा क्लीनच येणार, बिघाड होतो तो नंतर ठेवण्यात, नेण्यात, वाढण्यात. जेवण डब्यांतून दुसरीकडे जात असेल तर सॅम्पलही तिथे पोचल्यावर घ्या.

एका सॅम्पलला २०० ते २५० ग्रॅम. दोन चमचे ठेवून भागत नाही, एकट्या साल्मोनेलाच्या टेस्टलाच २५ ग्रॅम लागतात आणि प्रत्येक टेस्टला वेगळा भाग. स्टीलचा झाकणाचा डबा आणि डाव दहा मिनिटं उकळून घ्या, किंवा लॅबकडून निर्जंतुक पिशव्या आणा. आत हात लावायचा नाही. गरम सॅम्पल बर्फाच्या पाण्यात डबा ठेवून लवकर गार करायचा आणि मग फ्रीजमध्ये, ० ते ४ डिग्रीत, वेगळ्या कप्प्यात, कच्च्या मालाच्या वर. मीठ, व्हिनेगर, कुठलंही प्रिझर्व्हेटिव्ह घालायचं नाही, जंतूंची तपासणीच बिघडते.

फ्रीजरमध्ये टाकू का असं खूप जण विचारतात. जपानमध्ये मोठ्या किचन्सना कच्च्या मालाचे आणि शिजलेल्या पदार्थांचे ५०-५० ग्रॅम उणे २० डिग्रीला दोन आठवडे ठेवायला सांगतात, त्याचा फायदा म्हणजे उशिरा आलेली तक्रारही पकडता येते. पण मोठ्या पातेल्यातल्या रस्स्यातून, मटणातून त्रास देणारा क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स गोठवल्यावर बराचसा मरतो आणि रिपोर्ट खोटाच चांगला येतो. आपल्याकडे तसे फ्रीजरही नसतात. साध्या फ्रीजमध्ये ७२ तास हेच आम्हाला जमलं. आत थर्मामीटर ठेवून सकाळ-संध्याकाळ आकडा लिहा, लाईट गेली तर किती वेळ गेली तेही लिहा, नाहीतर उद्या तुमच्या सॅम्पलवर कोणी विश्वास ठेवणार नाही.

लेबल आणि रजिस्टर

डब्यावर पदार्थ, बॅच नंबर, कधी शिजला, सॅम्पल कधी आणि कुठून घेतला, कोणी घेतला आणि कधी फेकायचा. ७२ तास वाढणं संपल्यापासून मोजायचे, शिजल्यापासून नाही. बॅच नंबर सोपा ठेवा, आमचा "१४/दु/पुलाव/१" असा असतो, म्हणजे १४ तारीख, दुपार, पुलाव, पहिलं पातेलं. हाच नंबर रजिस्टरला, नाहीतर डबा एकीकडे आणि नोंद दुसरीकडे.

रजिस्टरमध्ये बॅचला एक ओळ पुरते पण ती त्या त्या वेळी लिहायची, रात्री आठवून नाही. कुठला माल कुठल्या बिलाचा, पॅकेटचा लॉट नंबर, शिजायला ठेवलं कधी, झालं कधी, मध्ये कुठे आणि किती वेळ राहिलं, वाढायला सुरू कधी, संपलं कधी, कोणी बनवलं, कोणी वाढलं. सगळ्यात महत्त्वाचा कॉलम "मध्ये कुठे राहिलं" हाच, आणि नेमका तोच रिकामा असतो कारण लिहायला लाज वाटते. आमच्या त्या आचाऱ्यांनी शनिवार रात्र १०:४० हे प्रामाणिकपणे लिहिलं होतं म्हणून कारण सापडलं, त्यामुळे असं लिहिणाऱ्याला ओरडू नका, पुढच्या वेळी तो लिहिणारच नाही.

तक्रार आली की

पहिल्या पाच मिनिटांत एकच, भांडी घासणं थांबवा आणि काहीही फेकू नका. उरलेलं अन्न, कच्चा माल, उघडी पॅकेटं, पिण्याचं पाणी सगळं आहे तसं. फ्रीजमधल्या डब्यांवर "फेकू नये" चिकटवा, कारण रोजच्या सवयीने मदतनीस तिसऱ्या दिवशी डबे धुऊन टाकतो. आजारी माणसांची यादी करा, नाव, काय काय खाल्लं, किती वाजता, त्रास किती वाजता सुरू झाला आणि कसला. जे आजारी पडले नाहीत त्यांनाही हेच विचारा, वर आमच्या ८८ जणांनी काय केलं ते बघितलंच. डॉक्टरांना सांगा की शक्य असेल तर अँटिबायोटिक द्यायच्या आधी शौचाचा किंवा उलटीचा नमुना घ्या.

मग अन्न व औषध प्रशासनाला, म्हणजे एफडीएला, स्वतःहून कळवा. जेवणाऱ्यांपैकी कोणीही तक्रार करू शकतं, एफडीएच्या टोल फ्री नंबरवर किंवा फूड सेफ्टी कनेक्ट ॲपवर, सोबत बिल, जेवणाची वेळ आणि डॉक्टरांचा कागद असला की बरं.

अन्न सुरक्षा अधिकारी येतात तेव्हा साधारणपणे हे मागतात: लायसन्स, खरेदीची बिलं (बिलावर पुरवठादाराचा एफएसएसएआय नंबर असायला हवा), कामगारांचे मेडिकल सर्टिफिकेट, पाण्याचा टेस्ट रिपोर्ट, पेस्ट कंट्रोलची नोंद आणि बॅच रजिस्टर. एका फाइलमध्ये ठेवा. रजिस्टर ओरिजिनल दाखवा, नेलं तर पोच घ्या आणि आधी फोटो काढून ठेवा. नंतर खाडाखोड करू नका, चुकलं असेल तर एक रेघ मारून बाजूला सही.

इथे एक गैरसमज दूर करते. तुम्ही ठेवलेला डबा म्हणजे कायद्याचा सॅम्पल नाही. कायद्याचा सॅम्पल अधिकारी स्वतः घेतात, तुम्हाला लेखी नोटीस देतात, अन्न सुरक्षा व मानके कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे त्याचे चार भाग करून सील करतात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन पदनिर्देशित अधिकाऱ्यांकडे, आणि चौथा तुम्ही मागितलात तर मान्यताप्राप्त लॅबमध्ये जातो, हे तिथेच लेखी मागायचं. विश्लेषकाचा रिपोर्ट १४ दिवसांत यायला हवा, पटला नाही तर तो हातात आल्यापासून ३० दिवसांत पदनिर्देशित अधिकाऱ्यांकडे अपील करता येतं. तुमच्या डब्याचा उपयोग कारण शोधायला होतो, म्हणून तो देताना बॅच नंबर, फ्रीजचा तापमानाचा कागद आणि कोणाच्या हातून कोणाकडे गेला ही नोंद लेखी द्या आणि सही घ्या.

आणि काही आजारांत डबा कितीही नीट ठेवा, उशीर झालेलाच असतो. टायफॉइड एक-दोन आठवड्यांनी, कावीळ तर महिन्याने समोर येते. तिथे फक्त रजिस्टर उरतं, त्या आठवड्यात कोण वाढायला होतं, पाण्याचा टँकर कुठून आला होता, कोण सुट्टीवरून परत आलं होतं. आमच्याकडे त्या रविवारनंतर पहिलं पातेलं उघडतानाच ताई दोन डबे घेऊन उभ्या राहतात, आणि रात्री शिजवलेला भात सकाळी वापरायचा नाही असं आचाऱ्यांनी स्वतःच भिंतीवर खडूने लिहिलंय.