टोमॅटो आणि डोमकावळा

एका गप्पांच्या बैठकीत मी हेम्पेलचं कोडं सांगितलं, तेव्हा एक इंजिनिअर मित्र म्हणाला, "हा नुसता शब्दांचा खेळ आहे." तसं अजिबात नाही.

कार्ल हेम्पेल या तत्त्वज्ञाने 1945 साली हे कोडं सविस्तर मांडलं. त्याचा पक्षी होता रेव्हन, म्हणजे आपल्या डोमकावळ्याचा थोरला भाऊबंद. विधान असं : "सगळे डोमकावळे काळे असतात." एखादा काळा डोमकावळा दिसला की या विधानाला थोडं बळ मिळतं, हे कुणीही मान्य करेल. आता तेच विधान उलटून म्हणा : "जे काळं नाही, ते डोमकावळा नाही." अर्थ तोच आहे. एक खरं असेल तर दुसरं खरं असणारच. मग या दुसऱ्या विधानाला बळ कशाने मिळेल? काळी नसलेली एखादी वस्तू डोमकावळा नाही, असं दिसलं की मिळेल. भाजीच्या टोपलीतला लाल टोमॅटो नेमका तसा आहे. आणि विधानं एकच असतील, तर टोमॅटो डोमकावळ्यांच्या रंगाचा पुरावा ठरला की!

इथे बहुतेकांना वाटतं की तर्कात कुठेतरी चोरी आहे. चोरी नाही. टोमॅटो खरोखरच पुरावा आहे, फक्त फार म्हणजे फारच बारीक. किती बारीक, ते मोजता येतं.

आंब्याच्या एका वखारीत 1000 पेट्या आहेत असं समजू. त्यांतल्या 20 हापूसच्या, बाकी पायरी, केशर वगैरे. 30 पेट्यांवर हिरवी चिठ्ठी आहे, 970 वर नाही. वखारवाला म्हणतो, "हापूसच्या प्रत्येक पेटीवर हिरवी चिठ्ठी आहे." तुम्हाला शंका आहे की एका पेटीवर ती लावायची राहिली असावी. दोन्ही शक्यता तुमच्या मते सारख्याच, म्हणजे वखारवाल्यावर विश्वास 50 टक्के.

आधी हापूसच्या 20 पेट्यांतली कुठलीही एक काढून चिठ्ठी बघा. चुकलेली पेटी असलीच तर ती हाती लागण्याची शक्यता 20 त 1. चिठ्ठी हिरवी निघाली, तर विश्वास 50 वरून साधारण 51.3 टक्क्यांवर जातो.

आता दुसरी रीत. हिरवी चिठ्ठी नसलेल्या 970 पेट्यांतली एक उचला आणि उघडून आत काय आहे ते बघा. चुकलेली पेटी याच ढिगात आहे, पण ती सापडण्याची शक्यता 970 त 1. आत पायरी निघाला, तर विश्वास 50.03 टक्के होतो. हा पायरी म्हणजेच आपला टोमॅटो. जगात काळ्या नसलेल्या वस्तू डोमकावळ्यांच्या मानाने इतक्या अफाट आहेत की टोमॅटोचं वजन आपल्या मनाला जाणवतच नाही आणि आपण ते शून्य धरतो. यानिना होसियासन-लिंडेनबाउम या पोलिश तर्कशास्त्रज्ञ बाईंनी 1940 सालीच उत्तराची ही वाट दाखवली होती.

खरं शून्य वेगळ्याच ठिकाणी आहे, आणि मला सगळ्यात आवडतो तो हाच भाग. समजा, हिरवी चिठ्ठी एकूण किती पेट्यांवर आहे ते तुम्हाला माहीत नाही, आणि तुम्ही आधी पायरीची पेटी शोधली आणि मग तिच्यावरची चिठ्ठी पाहिली. हिरवी नाही. हाती आलं तेच : हापूस नाही, हिरवी चिठ्ठी नाही. पण ही तपासणी वखारवाल्याला खोटं पाडूच शकत नव्हती, कारण पायरीच्या पेटीवर कुठलीही चिठ्ठी असली तरी त्याच्या बोलण्याला धक्का लागत नाही. पेटी तीच, निष्कर्ष मात्र शून्य. म्हणजे टोमॅटो पुरावा आहे की नाही, हे तुम्ही त्याच्यापर्यंत कसे पोचलात यावर ठरतं. आधी "काळं नसलेलं काहीतरी" उचललंत आणि मग ते काय आहे ते पाहिलंत, तर पुरावा. आधी "टोमॅटो" म्हणून उचललात आणि मग रंग पाहिलात, तर काहीच नाही.

"हे रत्न घातलं की वर्षभरात लग्न जमतं" असं सांगणारे लग्न जमलेल्यांची यादी दाखवतात. ती यादी कितीही लांबली तरी तिच्यात दावा मोडणारा माणूस सापडणार नाही. वर्ष उलटूनही लग्न न जमलेल्यांना गाठा आणि त्यांच्या बोटाकडे बघा.

ढिगांचे आकार बदलले की कौलही फिरतो. वखारीत 950 पेट्या हापूसच्या आणि हिरवी चिठ्ठी नसलेल्या फक्त 30 असतील, तर हापूस तपासत बसणं वेडेपणाचं. त्या 30 पेट्या उघडाव्यात. इथे "टोमॅटो"चं वजन "डोमकावळ्या"च्या तीसपटीहून जास्त भरतं.

हेम्पेलचं मूळ विधान मात्र खोटंच आहे. कॅनडात व्हँकूवर बेटावर क्वालिकम बीचच्या परिसरात पांढरे रेव्हन दिसले आहेत, आणि पक्षिनिरीक्षकांनी त्यांचे फोटोही काढले आहेत.