व्हिडिओतून छपाईचा फोटो काढणे

चालत्या व्हिडिओतली सर्वांत स्पष्ट एक फ्रेम निवडून ती कागदावर छापण्याजोगी मोठी करणे, हे विदर्भातल्या तालुक्याच्या गावांमधील फोटो स्टुडिओंचे नेहमीचे काम आहे. त्यातले सर्वांत घाईचे आणि सर्वांत नाजूक काम म्हणजे तेरवीचा फोटो. घरातले म्हातारे माणूस जाते, तेव्हा त्याचा एकट्याचा धड फोटो सापडत नाही. आधार कार्डावरचा चेहरा घरच्यांना पाहवत नाही. मग कुणाच्या तरी मोबाइलमध्ये नातीच्या हळदीचा व्हिडिओ निघतो आणि आजी त्यात हसताना दिसते.

पहिली अडचण व्हिडिओ स्टुडिओपर्यंत पोहोचताना येते. व्हॉट्सअॅपवर नेहमीच्या पद्धतीने पाठवलेला व्हिडिओ आकाराने लहान होतो आणि दाबला जातो. चेहऱ्यावरच्या सुरकुत्या त्यात पुसल्या जातात, गालावर चौकोनी ठिगळे उमटतात. म्हणून ज्याने शूटिंग केले त्याच्याच मोबाइलमधली मूळ फाइल केबलने घ्यावी, किंवा ती ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगावे. व्हिडिओ थांबवून काढलेला स्क्रीनशॉट तर घेऊच नये. आडवा व्हिडिओ उभ्या मोबाइलवर पाहताना १९२० बिंदूंची रुंदी स्क्रीनच्या १०८० बिंदूंत बसवली जाते, आणि जवळपास निम्मा तपशील तिथेच जातो.

मूळ फाइल हाती आली की खरे काम निवडीचे. १४ सेकंदांच्या क्लिपमध्ये, सेकंदाला ३० या हिशेबाने, ४२० फ्रेम असतात आणि त्या सारख्या स्पष्ट नसतात. प्रत्येक फ्रेम टिपताना शटर काही क्षण उघडे राहते. दुपारच्या उन्हात हा वेळ फार थोडा असतो. रात्री मांडवातल्या दिव्यांखाली तो एका सेकंदाच्या तिसाव्या भागापर्यंत वाढतो, आणि तेवढ्यात मान हलली की डोळ्यांची रेघ फराटा होते. असा फराटा नंतर कोणत्याही उपायाने नीट निघत नाही. म्हणून रात्रीच्या रिसेप्शनपेक्षा दिवसाच्या हळदीचा व्हिडिओ आधी मागावा, मग तो साध्या मोबाइलवरचा का असेना.

हलणारा माणूस मधूनमधून थांबतो, आणि शोधायचा तो हाच क्षण. मान वळून परत फिरण्याआधी, वाक्य संपून ओठ मिटताना, वाकलेले माणूस सरळ होऊन समोर पाहते तेव्हा दोन-चार फ्रेमपुरता चेहरा निश्चल असतो. शूटिंग करणाऱ्याचा हातही त्याच वेळी स्थिर असावा लागतो. हे ओळखायला मागची भिंत पाहावी: भिंत स्पष्ट आणि चेहरा पुसट असेल तर माणूस हलले, दोन्ही पुसट असतील तर मोबाइल हलला. भिंत स्पष्ट, चेहरा स्थिर आणि तरीही मऊ दिसत असेल तर फोकसच मागे गेला, आणि तो भाग सोडून द्यावा.

व्हीएलसी प्लेअरमध्ये `E` दाबत एकेक फ्रेम पुढे सरकता येते आणि `Shift+S` ने ती मूळ आकारात जतन होते. संगणकावर ffmpeg हा आदेश टाइप करून चालवायचा प्रोग्रॅम असेल तर त्याहून सोयीचा मार्ग आहे. समजा, घाटंजीकडच्या एका गावातून आलेली उभी क्लिप १०८० × १९२० बिंदूंची आहे. पहिली पाच सेकंदे आजी वाकून हळद लावते, सहाव्या सेकंदाला सरळ होते आणि नातीकडे पाहते. तेवढी दोनच सेकंदे, फक्त चेहऱ्याचा भाग कापून, वेगळी काढायची:

```
ffmpeg -ss 6 -i haldi.mp4 -t 2 -vf crop=500:600:300:400 f_%03d.png
```

साठेक चित्रे तयार होतात. फोल्डरमध्ये ती फाइलच्या आकारानुसार लावावीत. चित्रात बारीक तपशील जितका जास्त, तितकी पीएनजी फाइल जड, त्यामुळे स्पष्ट फ्रेम आपोआप वर येतात. चेहरा आधी कापून घेण्याचे कारण हेच, नाहीतर मागची झेंडूची तोरणेच निकाल देतात. अंधाऱ्या क्लिपमध्ये मात्र हा उपाय फसतो, कारण दाणेदारपणाही फाइल जड करतो. आपल्या उदाहरणात ३१ ते ३७ क्रमांकाच्या फ्रेम वर आल्या असे धरू. ३३ मध्ये पापणी अर्धी मिटलेली आहे, ३५ मध्ये नथ, कुंकू आणि बुबुळातला प्रकाशाचा ठिपका तिन्ही स्वच्छ दिसतात. तीच घ्यायची. शेवटची निवड मात्र घरच्यांना दोन-तीन फ्रेम दाखवूनच करावी. स्टुडिओवाला डोळे पाहतो, मुलगी आईचे हसू ओळखते.

फोटो किती मोठा होईल हे पूर्ण फ्रेमवर ठरत नाही, चेहऱ्याला किती बिंदू मिळाले यावर ठरते. इथे कपाळापासून हनुवटीपर्यंत २६० बिंदू आहेत. त्याभोवती ६९६ × १०४४ बिंदूंचा भाग कापला की ८ × १२ इंचांच्या कागदावर इंचाला ८७ बिंदू पडतात. लॅबवाले ३०० मागतात, पण ती गरज हातभर अंतरावरून पाहायच्या छपाईची. साधारण नजर एक मीटरवरून इंचाला ८७ पेक्षा बारीक तपशील ओळखत नाही, दीड मीटरवरून ५८ पुरतात. म्हणजे हाच भाग १२ × १८ वर छापून भिंतीवर लावला तर दीड मीटरवरून चालतो, पण पाटावर ठेवून हार घालताना जवळून मऊ दिसतो. माझ्या मते अशा वेळी ८ × १२ च घ्यावा आणि रुंद माउंट देऊन चौकट मोठी करावी. चौकातल्या श्रद्धांजलीच्या फ्लेक्सवर चेहरा दीड फुटांचा झाला तर इंचाला १४ बिंदूच राहतात, तरी रस्त्यापलीकडून, वीसेक फुटांवरून, तो नीट दिसतो.

त्याच आदेशातला `-vf crop` चा भाग काढून चालवले की ३५ क्रमांकाची पूर्ण फ्रेम मिळते. ती कापून २४०० × ३६०० बिंदूंपर्यंत वाढवावी. वाढवल्याने नवा तपशील येत नाही, फक्त बिंदूंचे चौकोन दिसेनासे होतात. धार, म्हणजे कडांना ठळकपणा, नंतर द्यावी, आणि तीही फक्त उजेडाला. व्हिडिओत रंगांचा तपशील उजेडाच्या तपशिलापेक्षा उभा-आडवा निम्माच साठवलेला असतो, म्हणून कुंकवाची लाली कडेने पसरलेली असते, आणि रंगासकट धार दिली की ती डागासारखी दिसते. फोटोशॉपमध्ये लॅब मोड करून केवळ उजेडाच्या एल चॅनलला धार द्यावी. पदराच्या काठाला किंवा जबड्याला पांढरी किनार दिसली की धार जास्त झाली. आजूबाजूच्या फ्रेममध्ये चेहरा खरोखर स्थिर असेल तर चार-पाच फ्रेम एकमेकींवर जुळवून त्यांची सरासरी घ्यावी. चार फ्रेमनी दाणा निम्मा होतो.

जुन्या लग्नाच्या डीव्हीडीचा प्रकार वेगळा. तिच्यात ७२० × ५७६ बिंदू, आणि प्रत्येक फ्रेम दोन वेगळ्या क्षणांच्या अर्ध्या ओळी विणून बनलेली. हात हलला की कडेला कंगव्याचे दात दिसतात. ffmpeg च्या आदेशात `-vf bwdif` लावले की सेकंदाला ५० वेगळी चित्रे मिळतात आणि निवड सोपी होते. चेहरा मात्र बहुधा शंभरेक बिंदूंचाच असतो, त्यातून ४ × ६ च्या पुढे जाऊ नये.

मोठी छपाई पाठवण्याआधी डोळ्यांचा भाग अंतिम आकारातच ४ × ६ च्या कागदावर छापून भिंतीला लावावा आणि दीड मीटर मागे सरून पाहावा. स्क्रीनवर लपलेली गालावरची ठिगळे आणि पांढरी किनार कागदावर लगेच दिसतात.